क्रीडादिन, १५ जानेवारी: पालकांसाठी सूचना आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या प्राथमिक शाळेचा वार्षिक क्रीडादिन १५ जानेवारी रोजी शाळेच्या मैदानावर होणार आहे. पहिली ते चौथीचे सर्व, म्हणजे सुमारे २८० विद्यार्थी त्यात भाग घेतील. छापील सूचनापत्र मुलांच्या दैनंदिनीत चिकटवून दिलेले आहेच. ते वाचून अनेक पालकांनी शाळेत येऊन आणि फोनवर जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे क्रीडाशिक्षक या नात्याने येथे एकत्र देत आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. दुसरीतील मूल ५० मीटरचे अंतर साधारण दहा ते तेरा सेकंदांत पार करते, आणि त्या सेकंदांसाठी ते मैदानावर साडेचार तास असते. उरलेला सगळा वेळ रांगेत उभे राहण्यात, मांडवात बसण्यात, मित्रांचे धावणे पाहण्यात आणि स्वतःच्या पाळीची धाकधूक सोसण्यात जातो. कपडे, पाणी आणि वेळ यांविषयीच्या आमच्या बहुतेक सूचना धावण्यापेक्षा या थांबण्याचा विचार करून केलेल्या आहेत, आणि पालकांच्या प्रोत्साहनाविषयीच्या सूचनाही तशाच आहेत.

क्रीडादिन १५ जानेवारीलाच का ठेवला आहे?

ही तारीख महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळली जाते. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी आपल्याच कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. या आठवड्यात परिपाठाच्या वेळी मुलांना ही माहिती सांगितली जात आहे. मुलांनी घरी काही विचारले, तर लंडनच्या सहाव्या क्रमांकाविषयीही त्यांना अवश्य सांगावे, कारण पदकाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि त्याआधीची चार वर्षे कोणी सांगत नाही.

मुलांना किती वाजता आणावे, आणि कार्यक्रम किती वाजता संपेल?

फाटक सव्वासात वाजता उघडेल आणि साडेसात वाजता वर्गशिक्षक हजेरी घेतील. पावणेआठ वाजता संचलन, ध्वजवंदन आणि शपथ होईल. त्यानंतर दहा मिनिटे सर्व मुलांकडून अंग मोकळे करण्याचे व्यायाम करून घेतले जातील. थंडीच्या सकाळी आखडलेल्या पायांनी एकदम वेगात धावल्यास पोटरीत गोळा येतो किंवा मांडीचा स्नायू ओढला जातो, म्हणून उशिरा आलेल्या मुलाला हे व्यायाम केल्याशिवाय आम्ही धावू देत नाही. पालकांना हा नियम कधी कधी जाचक वाटतो, परंतु तो आम्ही शिथिल करणार नाही.

आठ वाजून वीस मिनिटांनी शर्यती सुरू होतील. पहिली आणि दुसरीची मुले आधी धावतील. त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला तिसरी आणि चौथीची मुले लंगडी खेळतील. ९.३५ ते ९.५५ ही खाऊची सुट्टी असेल. त्यानंतर तिसरी-चौथीच्या शर्यती होतील, आणि पहिली-दुसरीसाठी लिंबू-चमचा व बेडूकउडी ठेवलेली आहे. ११.२० वाजता वर्गांची रस्सीखेच, त्यानंतर प्रमाणपत्रांचे वाटप आणि बारा वाजता सुट्टी होईल.

सध्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असल्यामुळे सकाळच्या वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, हे आपण जाणताच. बाहेरगावाहून येणाऱ्या पालकांनी नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटे आधी निघावे. मोटारसायकलवर मुलाला पुढे बसवून ट्रॉलीला मागे टाकण्याची घाई कृपया करू नये. पोहोचायला उशीर झालाच, तर मुलाची पाळी त्याच्या इयत्तेच्या शेवटच्या फेरीत लावता येते.

एवढ्या छोट्या शर्यतींना इतका वेळ का लागतो? आमच्या मुलाची पाळी नेमकी केव्हा आहे?

धावपट्टीवर फक्कीने सहा मार्ग आखलेले आहेत. एका इयत्तेत साधारण ३५ मुली आणि ३५ मुलगे आहेत, म्हणजे मुलींच्या सहा आणि मुलग्यांच्या सहा अशा एका इयत्तेच्या बारा फेऱ्या होतात. धावणे बारा सेकंदांचे असले, तरी सहा मुलांना आपापल्या मार्गात उभे करणे, सुटलेली नाडी बांधणे, शिट्टीआधी पळालेल्याला परत बोलावणे आणि शेवटच्या रेषेवर क्रमांक लिहून घेणे यांत प्रत्येक फेरीला तीन मिनिटे लागतात. बारा फेऱ्यांची ३६ मिनिटे आणि दोन इयत्तांची ७२ मिनिटे होतात. चारही इयत्ता एकामागून एक धावल्या असत्या, तर लहान मुलांना जवळजवळ अडीच तास नुसते बसून राहावे लागले असते; म्हणूनच यंदा दोन्ही बाजूंना एकाच वेळी खेळ ठेवले आहेत.

पहिलीच्या फेऱ्या ८.२० वाजता, दुसरीच्या सुमारे ८.५५ वाजता, तिसरीच्या ९.५५ वाजता आणि चौथीच्या सुमारे १०.३० वाजता सुरू होतील. आपले मूल कितव्या फेरीत आणि कोणत्या मार्गात आहे, हे आदल्या दिवशी वर्गाच्या दारावर लावले जाईल. कामावरून थोड्या वेळासाठी येणाऱ्या पालकांनी त्यावरून अंदाज घ्यावा, मात्र नेमक्या मिनिटावर विसंबून राहू नये.

अंतिम फेरी कोणाची होईल?

पहिली आणि दुसरीसाठी अंतिम फेरी नाही, आणि त्यांच्या फेऱ्यांचे क्रमांकही जाहीर होणार नाहीत. क्रमांक केवळ शाळेच्या नोंदीसाठी लिहिले जातात. तिसरी आणि चौथीसाठी मुलींच्या आणि मुलग्यांच्या सहा फेऱ्यांतील सहा विजेते अंतिम फेरीत धावतील. “माझी मुलगी दुसरी आली, पण तिची वेळ दुसऱ्या फेरीतल्या पहिलीपेक्षा चांगली होती,” असे दरवर्षी कोणी ना कोणी सांगते, आणि ते खरेही असू शकते. तथापि हातातील घड्याळाने वेळ मोजताना अंगठ्याच्या हालचालीतच काही दशांश सेकंद इकडेतिकडे होतात, आणि इतक्या छोट्या अंतरात दोन मुलांमधला फरक बहुधा तेवढाच असतो. म्हणून वेळेवरून निवड न करता फेरीतील विजेता पुढे जाईल, असा साधा नियम ठेवला आहे.

मुलांनी कोणते कपडे घालावेत? नवीन गणवेश शिवावा लागेल का?

काहीही नवीन घ्यावे लागणार नाही. शाळेच्या खेळाच्या गणवेशातील सुती टी-शर्ट आणि हाफपँट किंवा ट्रॅक पँट पुरेशी आहे. ज्यांच्याकडे हा गणवेश नाही, त्यांनी कोणताही सैल, सुती, साधा शर्ट घालावा. लाल, हिरव्या, निळ्या किंवा पिवळ्या गटाची ओळख पटावी म्हणून शाळा प्रत्येक मुलाच्या मनगटावर त्या रंगाची कापडी पट्टी बांधणार आहे. ऊसतोडणीच्या हंगामापुरत्या आपल्या शाळेत आलेल्या मुलांनाही हीच पट्टी मिळेल, त्यामुळे कपड्यांच्या कारणाने कोणीही मुलाला घरी ठेवू नये, ही विनंती.

सकाळी सात वाजता स्वेटर लागतो आणि अकरा वाजता ऊन चटका देते. त्यामुळे जाड कपड्यांचा एकच थर घालण्याऐवजी आत सुती टी-शर्ट आणि वर काढता येईल असा स्वेटर घालावा, आणि स्वेटरच्या आतल्या बाजूला नाव लिहावे. गेल्या वर्षी दिवसाच्या शेवटी आमच्याकडे एकाच निळ्या रंगाचे अकरा स्वेटर उरले होते आणि त्यांपैकी एकावरही नाव नव्हते. स्वेटर कमरेला बांधून धावू नये, कारण त्याची बाही पायात येते. कानटोपी संचलनापर्यंत चालेल. मांडवाबाहेर उन्हात उभे राहताना डोक्यावर कापडी टोपी असावी.

मुलींनी स्कर्ट घातल्यास आत हाफपँट किंवा सायकलिंग शॉर्ट असावी. केस दोन वेण्यांत किंवा घट्ट बांधावेत, मात्र टोकदार पिना आणि धातूच्या क्लिपा लावू नयेत. डोक्याला रुमाल किंवा हिजाब बांधणाऱ्या मुलींनी तो टाचणीऐवजी गाठीने किंवा लवचीक पट्टीने बसवावा. बांगड्या, पैंजण, लोंबते कानातले आणि गळ्यातील साखळी घरीच काढून ठेवावी. गळ्यातील ताईत काढणे काही घरांत मान्य नसते, याची आम्हाला कल्पना आहे. अशा वेळी तो दंडावर कापडी पट्टीखाली बांधावा, म्हणजे लंगडीत गडी टिपताना कोणाचे बोट त्याच्या दोऱ्यात अडकणार नाही. नखे आदल्या दिवशी कापावीत, हीसुद्धा लंगडीच्या दृष्टीने महत्त्वाची सूचना आहे.

बूट कोणते असावेत? अनवाणी धावले तर चालेल का?

रोजच्या वापरातील, पायाला बसलेले कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट सर्वांत चांगले. क्रीडादिनासाठी नवीन बूट घेतले असल्यास ते किमान आठवडाभर आधी वापरायला सुरुवात करावी, कारण नवे बूट टाचेला लागतात आणि मूल शर्यतीआधीच लंगडू लागते. पुढील वर्षीही व्हावेत म्हणून एक माप मोठे घेतलेले बूट धावताना पायातून निसटतात. नाडीला दोन गाठी मारून तिची टोके बुटात खोचावीत; शर्यतीतील पडझडीचे आम्ही पाहिलेले सर्वांत मोठे कारण सुटलेली नाडी हेच आहे. चामडी बूट, सँडल आणि स्लीपर घालून धावता येणार नाही.

ज्या मुलांना अनवाणी धावण्याची सवय आहे, ती खुशाल अनवाणी धावू शकतात. मैदान मुरमाचे असल्यामुळे आदल्या दिवशी खडे वेचून पाणी मारले जाईल. मात्र एका फेरीत काही मुले बूट घालून आणि काही अनवाणी असतील, तर अनवाणी मुलांच्या बोटांवर बूट पडू नयेत म्हणून मार्ग सोडून न धावण्याची सूचना त्या फेरीला पुन्हा दिली जाईल.

संक्रांतीचे दिवस असल्यामुळे आणखी एक सूचना करावी लागते. मैदानाभोवतीच्या झाडांत आणि कुंपणावर पतंगांचा मांजा अडकलेला असतो. नायलॉनचा मांजा सहज दिसत नाही आणि धावणाऱ्या मुलाच्या गळ्याला किंवा पायाला तो खोलवर कापू शकतो. १४ तारखेला संध्याकाळी आणि १५ तारखेला सकाळी सात वाजता आमचे कर्मचारी संपूर्ण मैदानावरून चालत जाऊन तो गोळा करतील. त्या दोन दिवसांत मैदानावर पतंग उडवू नयेत आणि मुलांच्या खिशात मांजाची गुंडी नाही ना, हे घरूनच पाहून घ्यावे.

मुलाबरोबर किती पाणी द्यावे?

प्रत्येक मुलाकडे नाव लिहिलेली, किमान अर्धा लिटरची भरलेली बाटली असावी. मैदानावर पिण्याच्या पाण्याचे जार ठेवलेले असतील आणि बाटल्या तेथे पुन्हा भरून मिळतील, त्यामुळे दोन लिटरची जड बाटली मुलाच्या खांद्यावर देऊ नये.

बाटली देण्यापेक्षा मूल पाणी पिते की नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. जानेवारीत सकाळी गारवा असतो, घाम जाणवत नाही आणि तहानही लागत नाही, त्यामुळे अनेक मुलांची बाटली दहा वाजेपर्यंत भरलेलीच राहते. नंतर ऊन चढते, आणि अकराच्या सुमारास मूल डोके दुखते किंवा मळमळते म्हणू लागते. यासाठी दर वीस मिनिटांनी शिक्षक मांडवात लांब शिट्टी वाजवतील आणि सर्व मुले एकाच वेळी पाणी पितील. पहिली-दुसरीच्या मुलांनी चार-पाच घोट आणि मोठ्यांनी अर्धा पेला प्यावे, एवढे पुरते. शर्यतीच्या तोंडावर पोटभर पाणी पिऊ देऊ नये, कारण धावताना पोटात कळ येते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही गेल्या काही वर्षांत ध्यानात घेतली आहे. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि विचारले तर “तहान नाही” असे सांगतात. यंदा मैदानाजवळच्या स्वच्छतागृहात पाण्याची टाकी भरलेली असेल, ते दर तासाला स्वच्छ केले जाईल आणि सकाळपासून दुपारपर्यंत एक मावशी तेथे बसून असतील. रांगेत आपली जागा जाईल या भीतीनेही मुले जात नाहीत. परत आल्यावर जागा तशीच मिळेल, असे शिक्षकांनी वर्गात सांगितले आहे. आईने किंवा आजीने घरी मुलीशी याविषयी एकदा बोलावे. लघवीचा रंग गडद पिवळा असेल, तर शरीराला पाणी कमी पडत आहे, ही खूण तिसरी-चौथीच्या मुलांना सहज समजते.

ग्लुकोज पावडर, शीतपेय किंवा जलसंजीवनी द्यावी का?

बारा सेकंदांच्या शर्यतीसाठी ग्लुकोज पावडरीचा उपयोग होत नाही. तोंडात कोरडी पावडर टाकून लगेच धावल्यास ठसका लागतो, आणि पाण्यात भरपूर घालून प्यायल्यास पोट जड होऊन मळमळते. शीतपेयांनीही तेच होते. साधे पाणी पुरेसे आहे. घरून द्यायचेच असेल, तर चिमूटभर मीठ घातलेले पातळ लिंबू सरबत द्यावे.

ओआरएस म्हणजे जलसंजीवनीची पाकिटे प्रथमोपचाराच्या टेबलावर ठेवलेली असतील. ज्या मुलाला उलटी झाली आहे, जुलाब होत आहेत किंवा उन्हाने थकवा आला आहे, त्याच्यासाठी ती आहेत. सर्व मुलांना सरसकट देण्याची गरज नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती विरघळवावी लागते. मोठे पाकीट एक लिटरचे असते आणि ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे केल्यास क्षारांचे प्रमाण दुप्पट होते, जे लहान मुलांना अपायकारक ठरू शकते. मुलाला चक्कर येत असेल, पायात गोळे येत असतील किंवा ते नेहमीपेक्षा गप्प झाले असेल, तर पालकांनी स्वतः काही पाजण्याआधी त्याला सावलीत आणावे आणि शिक्षकांना सांगावे. मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये. अशा वेळेसाठी शाळेने रुग्णालयात नेण्याकरिता गाडी तयार ठेवली आहे.

सकाळी काय खायला द्यावे?

साडेसहाच्या सुमारास थोडे पोहे, उपमा, किंवा दूध-भाकरी असे नेहमीचेच पण जरा कमी खाणे द्यावे. उपाशीपोटी आलेले मूल दहा वाजता गळून जाते. सुट्टीसाठी डब्यात केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा तिळाची वडी चालेल. मुलाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असल्यास तसे वर्गशिक्षकांना लेखी कळवावे, कारण या दिवसांत मुले एकमेकांना तिळगूळ वाटत असतात. काटेरी हलवा, गोळ्या किंवा च्युइंगम तोंडात ठेवून धावणे धोक्याचे आहे, म्हणून सुरुवातीच्या रेषेवर शिक्षक प्रत्येक मुलाचे तोंड पाहतील.

मुलाला दमा आहे. त्याने भाग घ्यावा का?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर अवश्य घ्यावा. सकाळची थंड हवा आणि मैदानावरची धूळ यांमुळे धाप लागू शकते, म्हणून इनहेलर नाव लिहून वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा. तो दप्तरात राहिला, तर ऐन वेळी सापडत नाही. धावण्याआधी तो घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून द्यावे. हृदयविकार, फिट येणे किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास १० तारखेपर्यंत कळवावे.

पालकांनी कोठे बसावे, आणि मुलाला हाक मारून प्रोत्साहन दिले तर काय बिघडते?

पालकांची बैठक धावपट्टीच्या पश्चिमेला, दोरीमागे आहे. मुले दक्षिणेकडून उत्तरेकडे धावतील, त्यामुळे सकाळचे ऊन त्यांच्या डोळ्यांवर येणार नाही. दोरी आणि पहिला मार्ग यांत तीन मीटर मोकळे अंतर ठेवले आहे, आणि ते मोकळेच राहावे.

हाक मारण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. मी दरवर्षी शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि मुले समोरून धावत येताना पाहतो. गेल्या वर्षी दुसरीच्या एका फेरीत दुसऱ्या मार्गातला मुलगा तिसाव्या मीटरपर्यंत सर्वांच्या पुढे होता. दोरीजवळून त्याच्या वडिलांनी त्याला नावाने हाक मारली आणि “मागे बघू नकोस, पळ!” असे ओरडून सांगितले. वडिलांचा आवाज ऐकून त्याने मान त्या दिशेला वळवली, मानेबरोबर खांदा वळला, पाऊल रेषेवर गेले आणि तो शेजारच्या मुलाला धडकला. दोघेही पडले. गुडघे खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, परंतु तो मुलगा उठल्यावर रडत शेवटच्या रेषेकडे न जाता वडिलांकडे गेला आणि “मी बघितलं नाही मागे” असे सांगत राहिला. वडिलांनी ते प्रेमानेच म्हटले होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सात वर्षांचे मूल आपले नाव ऐकले की आवाजाकडे पाहणारच, आणि “नको” हा शब्द ऐकण्याआधी त्याने “मागे बघ” एवढेच ऐकलेले असते.

म्हणून आमची विनंती अशी आहे की “आपापल्या जागेवर” अशी सूचना झाल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत पालकांनी पूर्ण शांत राहावे, कारण त्या वेळी कोणीही ओरडले तरी मुले शिट्टी समजून धावू लागतात. शिट्टीनंतर टाळ्या वाजवाव्यात, गटाचे किंवा वर्गाचे नाव घ्यावे. एकट्या मुलाचे नाव घेऊ नये. वेग, हात, पाय, श्वास यांविषयी धावताना कोणतीही सूचना करू नये, कारण धावणारे मूल ती अमलात आणू शकत नाही, आपण काहीतरी चुकत आहोत एवढेच त्याला कळते. सहावे मूल रेषा ओलांडेपर्यंत टाळ्या चालू ठेवाव्यात. पहिले मूल पोहोचताच टाळ्या थांबल्या, तर मागची मुले तेथेच चालू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलाच्या बरोबरीने दोरीबाहेरून धावत जाण्याचा मोह काही वडिलांना आणि काकांना आवरत नाही. कृपया तसे करू नये. चित्रीकरणासाठी शेवटच्या रेषेमागे उभे राहण्यासही परवानगी नाही. लहान मुले रेषेवर फीत दिसली की तिच्याआधीच थांबतात, म्हणून आम्ही त्यांना रेषेपलीकडे पाच मीटरवर बांधलेल्या पिवळ्या दोरीला हात लावायला शिकवले आहे. तेथे मोबाइल घेतलेली माणसे उभी असली, की मुले त्यांच्या अंगावर येऊन आदळतात. आपल्या जागेवरून चित्रण करावे आणि इतर मुलांचे चेहरे दिसत असलेली चित्रफीत त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कोठेही टाकू नये.

आदल्या दिवशी मुलाशी काय बोलावे? बक्षीस कबूल केले तर ते अधिक जोराने धावेल का?

“पहिला आलास तर सायकल घेऊन देईन,” असे सांगितलेली मुले आम्हाला रांगेतच ओळखू येतात. ती पुन्हा पुन्हा विचारतात, “माझ्या फेरीत कोण कोण आहे?” सहा मुलांच्या फेरीत पहिले येणे आपल्या मुलाच्या हातात नसते; शेजारच्या मार्गात कोण उभे आहे यावरही ते अवलंबून असते. सायकल घ्यायची असेल, तर ती या दिवसाशी न जोडता घ्यावी. आते-मामे भावंडांशी किंवा थोरल्या बहिणीशी तुलनाही टाळावी. “ताई दरवर्षी पहिली यायची” हे वाक्य चप्पल घालून आलेल्या तिसरीतल्या एका मुलाने मला, “सर, मी बूट आणले नाहीत, म्हणून धावत नाही” असे सांगितल्यानंतर ऐकवले होते. बूट त्याच्या पिशवीत होते.

आदल्या दिवशी मुलाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टी सांगाव्यात: शिट्टी ऐकल्यावर निघायचे, आपल्या मार्गात राहायचे, पिवळ्या दोरीपर्यंत थांबायचे नाही. आपण कोठे बसणार आहोत हेही त्याला सांगून ठेवावे, म्हणजे ते धावताना शोधत बसत नाही.

मूल ऐन वेळी रडू लागले किंवा धावायला नाही म्हणाले तर?

त्याला ओढून रेषेवर नेऊ नये आणि “सगळे हसतील” असेही म्हणू नये. शिक्षक त्याला बाजूला घेऊन पुढच्या दोन-तीन फेऱ्या पाहू देतील, आणि बहुतेक मुले त्यानंतर स्वतःहून उभी राहतात. तरीही नको असेल, तर त्याला फेरीचा पिवळा झेंडा धरण्याचे किंवा लिंबे मोजून देण्याचे काम दिले जाईल. प्रमाणपत्र त्यालाही मिळेल. अशा वेळी पालकांनी आपल्या जागेवरच बसून राहिल्यास आमचे काम सोपे होते, कारण आई दिसली की रडणे वाढते.

निकाल चुकीचा वाटला तर?

पंचांचा निर्णय अंतिम राहील. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू हाताने धरल्याचे मोबाइलमधील चित्रणात दिसते, अशी तक्रार दोन वर्षांपूर्वी मैदानावरच झाली होती. ज्या पहिलीतल्या मुलीबद्दल ती होती, ती सर्व मोठ्यांच्या मध्ये उभी राहून ऐकत होती. यापुढे कोणतीही हरकत कार्यक्रम संपल्यानंतर, मुले समोर नसताना मुख्याध्यापकांकडे सांगावी.

ज्या मुलांचे पालक येऊ शकत नाहीत, त्यांचे काय?

उसाच्या फडावर जाणाऱ्या, कारखान्यात पाळीवर असणाऱ्या किंवा बाहेरगावी नोकरी करणाऱ्या अनेक पालकांना येता येणार नाही, आणि त्याबद्दल शाळेत कोणालाही काही विचारले जाणार नाही. आजी, आजोबा, मावशी, शेजारी यांपैकी कोणीही येऊ शकते. जे पालक उपस्थित राहतील, त्यांनी आपल्या मुलाची फेरी झाल्याबरोबर उठून जाऊ नये, शक्य असल्यास त्या इयत्तेच्या बाराही फेऱ्या संपेपर्यंत थांबावे. गटाच्या नावाने टाळ्या वाजवायच्या आहेत, त्यामुळे ज्याचे कोणी आलेले नाही त्यालाही त्या मिळतात.

घरी जाताना काय विचारावे?

“कितवा आलास?” हा पहिला प्रश्न नसावा. “मला तुला धावताना पाहायला आवडलं” एवढे सांगून पाणी आणि जेवण द्यावे. मुलाला सांगायचे असेल ते ते स्वतः सांगते, बहुधा शर्यतीपेक्षा रांगेत काय घडले त्याविषयी, आणि ते ऐकून घ्यावे. धावण्यातील चुका त्या दिवशी काढू नयेत.

मूल आजारी असल्यामुळे त्या दिवशी येऊ शकले नाही तर?

ताप, खोकला किंवा जुलाब असताना मुलाला पाठवू नये. धावपट्टीवरील फक्कीच्या रेषा आम्ही आठवडाभर पुसणार नाही. गैरहजर राहिलेली मुले पुढच्या खेळाच्या तासाला त्याच सहा मार्गांत धावतील, त्यांचा वर्ग दोरीमागे उभा राहून टाळ्या वाजवील आणि प्रमाणपत्र त्याच तासाला दिले जाईल.